२.५७ ने गुणण्याआधी

वेतन आयोगाची चर्चा सुरू झाली की शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न ऐकू येतो : फॅक्टर किती मिळणार? सातव्या आयोगाच्या वेळी तो २.५७ होता. बाहेरच्या माणसाला वाटलं, पगार अडीचपट झाला. शिक्षकांच्या शेजाऱ्यांनी पेढेही मागितले असतील. प्रत्यक्षात त्या गुणाकाराने शिक्षकाच्या हातात पडलेली वाढ साधारण चौदा टक्के होती. हे कसं, हे समजलं तर पगाराच्या बातम्या नीट वाचता येतात. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, फॅक्टर आपल्या हातात नसतो, तो ज्या आकड्याला लावला जातो तो आकडा मात्र तपासता येतो. पैसे खरे तिथे जातात किंवा राहतात.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका डोळ्यांसमोर धरू. डी.एड. झालेल्या, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढून नियमित वेतनश्रेणीत आलेल्या. सहाव्या आयोगानुसार त्यांचा वेतनबँड ५,२००-२०,२०० आणि ग्रेड पे २,८००. १ जानेवारी २०१६ ला त्यांचं बँडमधलं वेतन १०,४०० रुपये होतं असं मानू. ग्रेड पे मिळवून मूळ वेतन, म्हणजे आपण ज्याला बेसिक म्हणतो ते, १३,२०० रुपये झालं. त्यावर १२५ टक्के महागाई भत्ता, म्हणजे १६,५००. दोन्ही मिळून बाईंना २९,७०० रुपये पडत होते. घरभाडं वगैरे बाजूला ठेवलं आहे.

सातव्या आयोगाचा नियम सांगतो की बँडमधलं वेतन आणि ग्रेड पे यांची बेरीज घ्या, तिला २.५७ ने गुणा आणि जवळच्या रुपयात आणा. १३,२०० गुणिले २.५७ म्हणजे ३३,९२४. मात्र या दिवसापासून महागाई भत्ता शून्यावरून सुरू होतो, कारण जुना भत्ता या गुणाकारात आधीच आला आहे. म्हणून तुलना १३,२०० शी करायची नाही, २९,७०० शी करायची. २९,७०० चे ३३,९२४ झाले. वाढ ४,२२४ रुपये, चौदा टक्क्यांच्या थोडी वर.

२.५७ हा आकडा उलगडला की हेच दिसतं. मूळ वेतन १, त्यावर १२५ टक्के भत्ता म्हणजे १.२५, एकूण २.२५. इतकं तर बाई आधीच घेत होत्या. २.२५ वरून २.५७ पर्यंतचा जो तुकडा उरतो तेवढीच आयोगाची खरी देणगी. बाकी सगळं एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवणं आहे. त्याचाही फायदा असतोच, कारण घरभाडं, पुढच्या वेतनवाढी आणि निवृत्तिवेतन मूळ वेतनावर मोजले जातात, भत्त्यावर नाही. पण तो फायदा वेगळा आणि ‘अडीचपट’ हा समज वेगळा.

फॅक्टर मोठा म्हणजे वाढ मोठी, हेही खरं नाही. सहाव्या आयोगात फॅक्टर १.८६ होता आणि त्याने जास्त दिलं. त्या वेळी मूळ वेतनावर निम्मं महागाई वेतन आणि त्या बेरजेवर २४ टक्के भत्ता मिळत होता. १.५ ला १.२४ ने गुणा, उत्तर १.८६. म्हणजे १.८६ मध्ये वाढ म्हणून एक रुपयाही नव्हता, तो फक्त जुन्या मिळकतीचा बरोबर आकडा होता. वाढ आली ती नंतर वेगळा जोडलेल्या ग्रेड पे मधून. पाचव्या आयोगाच्या ४,५००-७,००० श्रेणीत सुरुवातीला असलेल्या शिक्षकाचे ४,५०० गुणिले १.८६ म्हणजे ८,३७० झाले आणि त्यावर २,८०० ग्रेड पे चढला. एकूण ११,१७०. आधी ८,३७०, नंतर ११,१७०. ही तेहेतीस टक्क्यांची वाढ होती. छोट्या फॅक्टरने तेहेतीस, मोठ्या फॅक्टरने चौदा. ज्यांनी दोन्ही आयोग पाहिले त्यांना सातवा फिका वाटला, त्याचं कारण हे.

याच सवयीतून एक चूकही घडते. सहाव्यात फॅक्टर फक्त मूळ वेतनाला लावून ग्रेड पे मागाहून मिळवायचा होता. सातव्यात दोन्हीची बेरीज करून मगच गुणायचं. जुन्या सवयीने कोणी आपल्या बाईंच्या १०,४०० ला २.५७ ने गुणून २,८०० मिळवले तर उत्तर येतं २९,५२८. बरोबर उत्तर ३३,९२४. इतकी मोठी चूक सहसा कार्यालयात टिकत नाही, पण स्वतः घरी हिशेब करणारे शिक्षक यात हमखास अडकतात आणि मग बिलात बरोबर आलेल्या रकमेवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

आता ३३,९२४ ही रक्कम मिळाली, पण ती पगार नाही. सातव्या आयोगाने श्रेणींच्या जागी एक मोठा तक्ता आणला, पे मॅट्रिक्स. त्यात प्रत्येक स्तराचा एक उभा स्तंभ आहे आणि स्तंभात एकाखाली एक रकमा आहेत, प्रत्येक रक्कम वरच्या रकमेपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी मोठी. २,८०० ग्रेड पे चा स्तंभ महाराष्ट्रात एस-१० नावाने ओळखला जातो. तो २९,२०० पासून ९२,३०० पर्यंत जातो. नियम असा की गुणाकाराने आलेली रक्कम स्तंभात जशीच्या तशी सापडली तर ती घ्यायची, नाही सापडली तर तिच्या लगत पुढची मोठी रक्कम घ्यायची, आणि रक्कम पहिल्या घरापेक्षाही कमी असेल तर पहिलं घर द्यायचं.

एस-१० मधली घरं आहेत ३२,९००, ३३,९००, ३४,९००, ३५,९००, ३७,०००. बाईंचे ३३,९२४ हे ३३,९०० च्या चोवीस रुपये पुढे आहेत. म्हणून त्यांना ३४,९०० मिळतात. गुणाकाराने दिले त्यापेक्षा ९७६ रुपये जास्त, केवळ घराच्या रेषेमुळे.

आता हाच हिशेब दहा रुपये कमी करून बघा. मूळ वेतन १३,२०० ऐवजी १३,१९० असतं तर? १३,१९० गुणिले २.५७ म्हणजे ३३,८९८. हे ३३,९०० च्या आत आलं. पगार ३३,९०० निश्चित झाला. जुन्या वेतनातल्या दहा रुपयांच्या फरकाने नव्या वेतनात हजार रुपयांचा फरक पडला. असे कडे स्तंभात ठिकठिकाणी आहेत. मूळ वेतन १३,५७० असेल तर गुणाकार ३४,८७५ येतो आणि पगार ३४,९००. मूळ वेतन १३,५८० असेल तर गुणाकार ३४,९०१ येतो आणि पगार ३५,९००. तिथे एका रुपयाने घर बदललं.

हे गणित म्हणून गमतीचं वाटेल, पण दहा रुपयांची चूक जुन्या वेतनात शिरायला फार काही लागत नाही. सहाव्या आयोगात दरवर्षी १ जुलैला बँडमधलं वेतन अधिक ग्रेड पे यांच्या तीन टक्के वेतनवाढ मिळे आणि ती रक्कम पुढच्या दहाच्या पटीत न्यायची होती. जवळच्या नाही, पुढच्या. जुलै २०१५ च्या आधी बाईंचं मूळ वेतन १२,८१० होतं. त्याचे तीन टक्के ३८४ रुपये ३० पैसे. पुढची दहाची पट ३९०, म्हणून नवं मूळ वेतन १३,२००. पण शाळेत आपण मुलांना पूर्णांकात आणायला जसं शिकवतो, पाचाच्या आत असेल तर खाली, तसं इथे कोणी केलं तर वाढ ३८० धरली जाते आणि वेतन १३,१९० होतं. २०१५ मध्ये ही चूक महिन्याला दहा रुपयांची होती. भत्ता धरून सुमारे बावीस. तेवढ्यासाठी कोण कार्यालयात जाऊन भांडणार? १ जानेवारी २०१६ ला तीच चूक हजार रुपयांची झाली.

आणि ती तिथे थांबत नाही. मॅट्रिक्समध्ये वेतनवाढ म्हणजे दरवर्षी एक घर खाली सरकणं. जो एक घर मागे राहिला तो कायम एक घर मागेच चालतो. वरिष्ठ श्रेणी बाजूला ठेवून पाहिलं तर बरोबर हिशेब झालेली शिक्षिका जुलै २०२५ मध्ये ४६,८०० वर पोचते, चुकीचा हिशेब झालेली ४५,४०० वर. फरक आता चौदाशेचा आहे आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. जानेवारी २०१६ ते जून २०२५ या काळात फक्त मूळ वेतनातलं नुकसान १ लाख ३२ हजार रुपये होतं. भत्ता मिळवला तर ते आणखी वाढतं. मागच्या दाराने आलेल्या त्या दहा रुपयांचा हा हिशेब आहे.

पगाराची बिलं आता शालार्थ प्रणालीतून निघतात. त्यामुळे गुणाकार चुकेल अशी भीती राहिलेली नाही. पण संगणकाला दिलेलं जुनं मूळ वेतनच चुकीचं असेल तर तो चुकीच्या वेतनाचा अगदी अचूक गुणाकार करून देतो, आणि छापील कागद पाहून आपण निश्चिंत होतो. चूक शोधायची असेल तर सेवापुस्तकात मागे जावं लागतं. सहाव्या आयोगाची वेतननिश्चिती जिथे झाली त्या पानापासून सुरुवात करून प्रत्येक जुलैची नोंद घ्यावी. बँडमधलं वेतन आणि ग्रेड पे वेगवेगळे लिहिलेले असतात. त्यांची बेरीज करा, तीन टक्के काढा, पुढच्या दहात न्या आणि पुढच्या नोंदीशी जुळतं का पाहा. बिनपगारी रजेमुळे एखादी वाढ पुढे गेली असेल तर तिचा आदेश सापडायला हवा. ग्रेड पे जिथे बदलला आहे ते पान दोनदा पाहावं, कारण गोंधळ बहुधा तिथे असतो. एका संध्याकाळचं काम आहे आणि इयत्ता पाचवीचं गणित पुरतं.

या मागे जाण्याच्या हिशेबात एक प्रश्न असा आहे जिथे कोणाचीही चूक नसताना नुकसान होतं. तो म्हणजे विकल्पाचा.

महाराष्ट्रात सातव्या आयोगाचे सुधारित वेतन नियम ३० जानेवारी २०१९ ला निघाले, पण लागू झाले १ जानेवारी २०१६ पासून. मधल्या तीन वर्षांत अनेक शिक्षकांची बारा वर्षांची सेवा पूर्ण होऊन ते वरिष्ठ श्रेणीला पात्र झाले. डी.एड. शिक्षकाला वरिष्ठ श्रेणीत ४,२०० ग्रेड पे, आणि सातव्यात त्याचा स्तंभ एस-१३, जो ३५,४०० पासून सुरू होतो. अशा शिक्षकापुढे दोन वाटा असतात. एक, १ जानेवारी २०१६ लाच नव्या वेतनात यायचं आणि वरिष्ठ श्रेणी नव्या तक्त्यात घ्यायची. दुसरी, जुन्या वेतनातच थांबायचं, वरिष्ठ श्रेणी जुन्या नियमाने घ्यायची आणि त्या दिवशी नव्या वेतनात उडी मारायची.

मार्च २०१६ पासून वरिष्ठ श्रेणी मिळणारे एक गुरुजी घेऊ, मूळ वेतन १४,८९०. पहिल्या वाटेने १४,८९० गुणिले २.५७ म्हणजे ३८,२६७, एस-१० मध्ये ३९,२००. मार्चमध्ये बढतीच्या रीतीने एक घर पुढे ४०,४००, आणि मग एस-१३ मधलं लगतचं घर ४१,१००. दुसऱ्या वाटेने जुन्या वेतनात आधी तीन टक्के, म्हणजे ४५० ची वाढ, आणि ग्रेड पे मधला १,४०० चा फरक. मूळ वेतन १६,७४० झालं. त्याला २.५७ ने गुणलं की ४३,०२२ आणि एस-१३ मधलं घर ४३,६००. दोन वाटांमध्ये महिन्याला अडीच हजारांचा फरक.

कारण साधं आहे. ग्रेड पे चे जादा १,४०० रुपये गुणाकाराच्या आधी मिळाले तर त्यांनाही २.५७ लागतो, नंतर ते कुठेच नसतात. नव्या तक्त्यात ग्रेड पे हा प्रकारच उरलेला नाही. दुसऱ्या वाटेची किंमत म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी २०१६ हे दोन महिने जुन्या पगारावर काढायचे. भत्त्यासह जुनी मिळकत ३३,५०२, नवी ३९,२०० असती. दोन महिन्यांचं नुकसान सुमारे ११,४०० रुपये. अडीच हजाराच्या फरकाने ते पाच महिन्यांत भरून निघतं आणि पुढचा सगळा फायदा. पण हीच वरिष्ठ श्रेणी ऑक्टोबर २०१८ ला मिळणार असती तर थांबण्याची किंमत कितीतरी मोठी झाली असती आणि उत्तर इतकं सोपं राहिलं नसतं. म्हणून ‘शेजारच्या शाळेतल्या सरांनी जो दिला तोच विकल्प मीही दिला’ हे धोक्याचं आहे. ज्याची तारीख वेगळी, त्याचं उत्तर वेगळं. आणि हा कागद गठ्ठ्याने सह्या करून पाठवायचा नसतो, कारण दिलेला विकल्प अंतिम धरला जातो. थकबाकीचे हप्ते भविष्य निर्वाह निधीत कधी जमा होणार याची चौकशी करणारे शिक्षक मला खूप भेटतात. आपण कोणता विकल्प दिला होता हे सांगू शकणारे फार थोडे भेटतात. याचं वाईट वाटतं, कारण थकबाकी उशिरा का होईना मिळते, चुकीच्या विकल्पाने गेलेलं घर परत मिळत नाही.

चूक उलट्या दिशेनेही होते, म्हणजे जास्त वेतन निश्चित होतं, आणि काही वर्षांनी वेतन पडताळणी पथकाच्या तपासणीत किंवा निवृत्तीच्या तोंडावर ती उघड होते. मग वसुली निघते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ ला पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सांगितलं की तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, आणि पाच वर्षांहून जुन्या जादा प्रदानाची वसुली करू नये. शिक्षकांच्या बैठकांत हा निकाल नेहमी पुढे केला जातो. पण २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम आढळल्यास परत करीन’ असं वचनपत्र कर्मचाऱ्याने दिलं असेल तर तो त्याला बांधील आहे. वेतननिश्चितीच्या कागदांत असं वचनपत्र असतंच आणि आपण ते न वाचता सही करून देतो. पहिल्या निकालावर विसंबून जास्त आलेलं वेतन गप्प घेत राहणं म्हणूनच शहाणपणाचं नाही. खाली झालेली चूक जितक्या तत्परतेने दाखवायची, तितक्याच तत्परतेने वर झालेलीही.

आता आठवा आयोग. केंद्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमला आहे आणि नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेत त्याला अहवालासाठी अठरा महिने दिले आहेत. तेव्हापासून फॅक्टरचे नवनवे आकडे मोबाइलवर फिरत आहेत. त्यांच्याकडे कसं पाहायचं याची गुरुकिल्ली वरच्याच हिशेबात आहे. केंद्रात जुलै २०२५ पासून महागाई भत्ता ५८ टक्के होता. म्हणजे त्या दिवशीच्या मिळकतीशी बरोबरी करणारा फॅक्टर १.५८. त्याच्या वरचं तेवढंच वाढ म्हणून मोजायचं. समजा फॅक्टर २ आला, तर पगार दुप्पट होत नाही. २ ला १.५८ ने भागा, उत्तर १.२६ च्या थोडं वर येतं. वाढ साधारण साडेसव्वीस टक्के. गंमत अशी की हा २ चा फॅक्टर दिसायला २.५७ पेक्षा लहान, पण द्यायला जवळपास दुप्पट उदार. भत्ता जसजसा वाढेल तसतशी ही बरोबरीची रेषाही वर सरकेल, म्हणून कोणताही आकडा ऐकला की त्या दिवसाचा भत्ता किती, हे आधी विचारावं. राज्यातल्या शिक्षकांना केंद्रानंतर किती काळ थांबावं लागतं हे तर मागच्या वेळेने दाखवलंच आहे. केंद्राचे नियम जुलै २०१६ मध्ये आले, महाराष्ट्राचे जानेवारी २०१९ मध्ये.

हा मधला काळ फॅक्टरचा अंदाज बांधण्यात घालवू नका. मुख्याध्यापकांकडे अर्ज करून आपल्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या, २००६ पासूनच्या प्रत्येक जुलैची वाढ पडताळा, २०१६ च्या वेतननिश्चितीचं विवरणपत्र आणि दिलेल्या विकल्पाची प्रत आपल्याजवळ ठेवा. चूक सापडली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नवा फॅक्टर लागण्याआधी दुरुस्त झालेले दहा रुपये आणि लागल्यानंतर दुरुस्त करायचे हजार, यातले पहिले मिळवणं फार सोपं असतं.